दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर अडकला तर काय करायचं, आणि अडकू नये म्हणून ग्राहकांपर्यंत कसं पोचायचं

लग्नसराई जवळ आली की सोलापुरात आहेराच्या टॉवेल-टोपीची, चादरींची खरेदी सुरू होते, आणि त्याच सुमारास दुकानदारांचे फोनही सुरू होतात: "व्हॉट्सॲप बंद पडलंय, नवीन माणसाला मेसेजच जात नाही." बहुतेक वेळा कारण एकच असतं. दोन-चार दिवस आधी दुकानातून शेकडो लोकांना एकाच दमात ऑफरचा मेसेज गेलेला असतो. दुकानासाठी नुकतंच व्हॉट्सॲप वापरायला लागलेल्यांसाठी आणि नंबर अडकून बसलेल्यांसाठी हा लेख आहे. इतर मार्गांबद्दलही शेवटी थोडं लिहिलं आहे, पण मुख्य विषय व्हॉट्सॲपच, कारण आपल्याकडचा छोटा दुकानदार त्याच्यावरच अवलंबून असतो.

आधी एक उदाहरण बघू. नवी पेठेच्या बाजूचं एक चादर-टॉवेलचं दुकान आहे, नाव सांगत नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. तीन वर्षांच्या बिलबुकांतून त्यांच्या मुलाने ११८० नंबर काढले. कोणाकडून तरी "सोलापूर जिल्ह्याचे ग्राहक" म्हणून आणखी ६०० नंबरांची यादी विकत घेतली. मग एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. ते व्हॉट्सॲप वेबला जोडून यादीतल्या प्रत्येकाला आपोआप मेसेज पाठवायचं. मेसेज असा होता: "लग्नसराई धमाका!!! आहेराचे टॉवेल होलसेल दरात!!! आजच भेट द्या", सोबत एक फोटो आणि एक लिंक.

सकाळी पाठवायला सुरुवात झाली. तासाभरात "कोण बोलतंय?", "नंबर कुठून मिळाला?" अशी उत्तरं यायला लागली. चार-पाच जणांनी दराची चौकशी केली, त्यामुळे अण्णांना वाटलं काम जमतंय. दुपारी ॲपमध्ये सूचना आली की खात्यावर तात्पुरता निर्बंध आहे आणि नवीन चॅट सुरू करता येणार नाही. खाली उरलेला वेळ दाखवत होता. मुलाने लगेच दुसऱ्या सिमवर नवीन खातं उघडलं, तेच सॉफ्टवेअर जोडलं आणि उरलेली यादी पाठवायला घेतली. ते खातं संध्याकाळच्या आत पूर्ण बंद झालं.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

निर्बंध आहे की बंदी?

निर्बंधात खातं चालू असतं. ज्यांच्याशी आधीपासून चॅट आहे त्यांना उत्तर देता येतं, आलेले मेसेज दिसतात, फक्त नवीन माणसाशी चॅट सुरू करता येत नाही. सोबत वेळ दिलेला असतो आणि तो संपला की निर्बंध आपोआप उठतो. बंदीत ॲप उघडल्यावर चॅटची यादी दिसतच नाही. हे खाते व्हॉट्सॲप वापरू शकत नाही अशा अर्थाची सूचना येते आणि खाली Request a review असं बटण असतं. सिम मात्र दोन्हीत शाबूत असतं, साधे कॉल येतात-जातात. हे सांगायचं कारण म्हणजे घाबरून लोक थेट मोबाईल कंपनीच्या दुकानात जातात, आणि तिथल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं.

निर्बंध म्हणजे इशारा. अण्णांच्या मुलाने त्या वेळी हात थांबवला असता तर जुना नंबर काही काळाने आपोआप मोकळा झाला असता आणि दुसरं सिमही वाचलं असतं.

मेसेज न वाचता त्यांना कळतं कसं?

व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा या दोघांनाच वाचता येतात. म्हणून पुष्कळांचा समज असतो की "धमाका" किंवा "ऑफर" हे शब्द टाळले, प्रत्येक मेसेजमध्ये नाव बदललं की पकडलं जात नाही. शब्दांवर हे ठरत नाही, खातं वागतं कसं यावर ठरतं. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने स्वतःच सांगितलं होतं की ते महिन्याला वीस लाखांवर खाती बंद करतात, आणि त्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त खात्यांविरुद्ध कोणी नुकतीच तक्रारही केलेली नसते. नोंदणी होताना, मेसेज पाठवताना आणि लोकांच्या तक्रारी आल्यावर, अशा तीन टप्प्यांवर खातं तपासलं जातं. काल उघडलेल्या नंबरावरून आज काही मिनिटांत शेकडो अनोळखी लोकांना मेसेज जाणं ही माणसाच्या हाताची चाल नाही, आणि यंत्राला ती लगेच दिसते. अण्णांचं दुसरं खातं म्हणूनच इतक्या लवकर गेलं.

दुसरी बाजू घेणाऱ्याची. तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलेला नाही त्याला तुमचा पहिला मेसेज आला की चॅटमध्येच Block आणि Report हे पर्याय समोर दिसतात. त्याने रिपोर्ट केलं की तुमच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. टॉवेल-टोपीच्या धंद्यात ही अडचण जास्त आहे. आहेराचा ग्राहक एकदाच येतो, शंभर टॉवेल आणि शंभर टोप्या नेतो, घरचं कार्य उरकतो आणि दुकानाचं नावही विसरतो. त्याचा नंबर तुमच्या बिलबुकात आहे, पण तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये नाही. दोन वर्षांनी आलेला तुमचा मेसेज त्याच्यासाठी परक्याचाच. त्याने रिपोर्ट दाबलं तर त्यात त्याची काही चूक नाही.

म्हणून "दिवसाला किती मेसेज सुरक्षित?" या प्रश्नाला पक्कं उत्तर नाही. ओळखीच्या दोनशे जणांना मेसेज गेला तरी काही होत नाही, आणि चाळीस अनोळखी माणसांपैकी दहा जणांनी रिपोर्ट केलं तर नंबर धोक्यात येतो. "अमुक सेकंदांचं अंतर ठेवा, म्हणजे बॅन होत नाही" असं सांगून सॉफ्टवेअर विकणारे खूप आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. आपोआप किंवा घाऊक मेसेज पाठवणं व्हॉट्सॲपच्या अटींच्या विरुद्ध आहे. अशा कंपन्यांवर कायदेशीर कारवाई करण्याचा पवित्राही त्यांनी डिसेंबर २०१९ पासून घेतला आहे.

नंबर अडकलाय, तर आज हे करा

सगळ्यात आधी पाठवणं थांबवा. उरलेली यादी दुसऱ्या नंबरावरून, बायकोच्या किंवा कामगाराच्या फोनवरून पाठवू नका. तो नंबरही जाईल आणि घरचा नंबर गमावून बसाल.

मग व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत, आयफोनवर सेटिंगमध्ये, Linked devices उघडा. तिथे त्या सॉफ्टवेअरचं किंवा अनोळखी ब्राउझरचं नाव असेल तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. ही पायरी लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची हीच आहे. सॉफ्टवेअरसाठी तुम्ही क्यूआर स्कॅन केला तेव्हा तुमच्या चॅट वाचण्याची आणि तुमच्या नावाने मेसेज पाठवण्याची सोय त्याच्या हातात गेली. ग्राहकांचे पत्ते, पैसे भरल्याचे फोटो, व्यापाऱ्यांशी ठरलेले दर, सगळं त्यात आलं. बदललेल्या रूपातलं व्हॉट्सॲप, म्हणजे जादा सोयी देणारी जी ॲप प्ले स्टोअरबाहेरून घेतली जातात, तसलं काही फोनमध्ये असेल तर तेही काढा आणि मूळ ॲप टाका. काढण्याआधी चॅटचा बॅकअप निघतोय का बघा.

निर्बंध असेल तर वेळ संपेपर्यंत वाट बघा. त्या काळात जुन्या चॅटमध्ये ग्राहकांना नेहमीसारखी उत्तरं देत राहा, त्याला मनाई नाही. बंदी असेल तर Request a review दाबा. एसएमएसने सहा आकडी कोड येऊ शकतो, तो तिथेच भरायचा. कारण लिहायला जागा मिळाली तर थोडक्यात आणि खरं लिहा: दुकान कशाचं आहे, एका सॉफ्टवेअरवरून मेसेज गेले होते, ते काढून टाकलं आहे, यापुढे फक्त परवानगी दिलेल्या ग्राहकांनाच मेसेज जातील. साध्या मराठीत लिहिलंत तरी चालेल. "मी काहीच केलेलं नाही" असं लिहून उपयोग नाही, कारण पाठवण्याची नोंद त्यांच्याकडे असते. उत्तर त्याच ॲपमध्ये येतं. एकच विनंती दिवसात दहा वेळा पाठवू नका.

उत्तर नाही असं आलं तरी एक रस्ता उरतो. भारतातल्या नियमांप्रमाणे व्हॉट्सॲपला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. त्याच्याकडे तक्रार करता येते आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. मात्र नियम खरोखर मोडलेला असेल तर तिथेही फारशी आशा धरू नका.

या काळात "दोन हजारात नंबर चालू करून देतो" असे फोन किंवा मेसेज येतील. ते तुमच्याकडे तोच सहा आकडी कोड मागतात. कोड दिलात की नंबरावरचं व्हॉट्सॲप त्यांच्या ताब्यात जातं, आणि मग तुमच्या ग्राहकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातात. कोड कोणालाही सांगू नका, अगदी ओळखीचा मोबाईलवाला असला तरी.

यादी साफ करायची

नंबर सुटला की लगेच परत ऑफर पाठवू नका. आधी यादीकडे बघा. अण्णांच्या यादीचं आम्ही काय केलं ते सांगतो.

विकत घेतलेले ६०० नंबर पूर्ण पुसून टाकले. त्यात एकही माणूस त्यांचा ग्राहक नव्हता. उरलेल्या ११८० चे तीन भाग केले. पहिला भाग नेहमीच्या गिऱ्हाइकांचा: मंगल कार्यालयवाले, लॉजवाले, अक्कलकोट आणि तुळजापूरचे छोटे विक्रेते, असे १४० जण. यांच्याकडे अण्णांचा नंबर सेव्ह असतो, दर महिन्याला बोलणं होतं. दुसरा भाग गेल्या वर्षभरात खरेदी केलेल्या ३९० जणांचा. त्यातल्या १६५ जणांशी व्हॉट्सॲपवर आधी बोलणं झालेलं होतं. कोणी डिझाइनचे फोटो मागवले होते, कोणाला टोपीवर नाव छापून हवं होतं. उरलेले २२५ जण दुकानात येऊन गेले, पण चॅट कधी झालीच नव्हती. तिसरा भाग म्हणजे त्याहून जुने ६५०.

१४० जणांना मेसेज करायला काहीच हरकत नाही. १६५ जणांना मुलाने हाताने, एकेकाला, आधीच्याच चॅटमध्ये मेसेज केला, तोही रोज पंधरा-वीस जणांना. हा आकडा कुठल्या नियमातला नाही. एवढ्या लोकांची उत्तरं सांभाळता येतात म्हणून तो ठरवला. मेसेज असा होता:

"नमस्कार ताई, मागच्या वर्षी तुम्ही मुलीच्या लग्नाला आपल्या दुकानातून टॉवेल-टोपी नेली होती. नवीन माल आला की व्हॉट्सॲपवर कळवलं तर चालेल का? चालत असेल तर 'हो' लिहा आणि हा नंबर सेव्ह करून ठेवा. नको असेल तर 'नको' लिहा, परत मेसेज येणार नाही."

फोटो नाही, लिंक नाही, दर नाही. आधी फक्त विचारलं. 'नको' हा शब्द समोर ठेवल्यामुळे नाराज माणसाला रिपोर्टशिवाय दुसरा मार्ग मिळतो. ज्याने 'नको' लिहिलं त्याचं नाव त्याच मिनिटाला काढायचं, आणि ज्याने उत्तरच दिलं नाही त्याला पुन्हा विचारायचं नाही. उरलेल्या २२५ आणि ६५० लोकांना व्हॉट्सॲपवर काहीच पाठवलं नाही. मालकांना हे जड गेलं, कारण मेहनतीने गोळा केलेले नंबर होते. पण नंबर हातात असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. हे लोक पुन्हा दुकानात येतील तेव्हा विचारायचं.

गल्ल्यावर परवानगी घ्यायची रीत

नवीन ग्राहकांसाठी सगळी मांडणी गल्ल्यापासून सुरू होते. दुकानाचा नंबर व्हॉट्सॲप बिझनेस या फुकट ॲपवर घ्या. त्यात Short link नावाची सोय आहे. तिथे दुकानाची लिंक आणि क्यूआर तयार मिळतो, शिवाय ग्राहकाच्या बाजूने आधीच टाईप होऊन येणारा मेसेजही ठरवता येतो. स्वतः लिंक बनवायची असेल तर ती अशी दिसते. एक्सच्या जागी तुमचे दहा आकडे घाला, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावू नका, नाहीतर लिंक उघडत नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

आधीच टाईप होणारा मेसेज असा ठेवा: "नवीन माल आणि ऑफर व्हॉट्सॲपवर कळवा." क्यूआर छापून गल्ल्यावर, बिलावर आणि पिशवीवर लावा. ग्राहक स्कॅन करतो, मेसेज स्वतः पाठवतो, आणि सुरुवात त्याच्याकडून होते. परवानगीचा पुरावाही चॅटमध्येच तारखेसह राहतो. सुरुवात त्याने केली की तुम्ही त्याच्यासाठी अनोळखी राहत नाही.

तेवढ्यावर थांबू नका, कारण पुढच्या पायरीसाठी त्याने तुमचा नंबर सेव्ह करणं गरजेचं आहे. नुसतं "सेव्ह करा" म्हटल्याने कोणी करत नाही, त्याला कारण द्यावं लागतं. अण्णांच्या दुकानात बिलाचा फोटो आणि चादर धुण्याच्या सूचना व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली: पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात, गडद रंग सावलीत वाळवा. सोबत एक ओळ: "आहेराचा माल कमी पडला तर याच नंबरावर कळवा, म्हणून नंबर सेव्ह करून ठेवा." लग्नघरी ऐन वेळी दहा टॉवेल कमी पडतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे लोक खरोखर सेव्ह करतात.

अजून एक गोष्ट सोलापुरात विचारायलाच हवी: मेसेज कोणत्या भाषेत हवा? आपल्या पेठांत तेलुगू आणि कन्नड घरं पुष्कळ आहेत, विजापूर-इंडीकडून येणारं गिऱ्हाईकही कमी नाही. न वाचता येणारा मेसेज लोक लवकर ब्लॉक करतात. बिझनेस ॲपमध्ये प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं. "मराठी-आहेर", "कन्नड-होलसेल" अशी दोन-तीनच लेबलं करा. फार केलीत तर आठवड्यात लावायचा कंटाळा येतो.

ब्रॉडकास्ट नीट वापरायचा

आता पाठवण्याची सोय. New broadcast मधून एका यादीत २५६ जण घेता येतात. प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. महत्त्वाची अट अशी की ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. पुष्कळांना ही अडचण वाटते आणि ती चुकवण्यासाठीच ते सॉफ्टवेअर घेतात. मला उलट ही अट दुकानदाराच्या बाजूची वाटते, कारण जो सेव्ह करत नाही तोच पुढे रिपोर्ट करणारा असतो, आणि त्याच्यापर्यंत मेसेज जातच नाही.

मेसेज लिहिताना दुकानाचं नाव पहिल्या ओळीत घ्या, सांगायची गोष्ट एकच ठेवा. "अण्णांचं दुकान, नवी पेठ. आहेराचे पांढरे टॉवेल आलेत, शंभर नगांच्या वर घेतल्यास टोपीवर नाव फुकट छापून मिळेल. माल संक्रांतीपर्यंत. मेसेज नको असतील तर 'बंद' लिहा." एवढं पुरे. छोट्या केलेल्या लिंक, एकामागून एक पाच फोटो आणि "दहा जणांना पाठवा" अशा ओळी टाळा. महिन्यातून दोन मेसेज या धंद्याला भरपूर आहेत. चादर कोणी दर आठवड्याला घेत नाही.

ग्रुप करून त्यात ग्राहकांना परस्पर घालण्याचा मोह टाळा. एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, कोणीतरी त्यात भलतंसलतं टाकतं, आणि न विचारता घातलं म्हणून लोक ग्रुप सोडताना रिपोर्टही करतात. रोजचा माल दाखवायचाच असेल तर स्टेटस ठेवा. तो २४ तास राहतो, आणि एकमेकांचे नंबर सेव्ह असलेल्यांना दिसतो. बघायचं की नाही हे ग्राहक ठरवतो, त्यामुळे त्याला त्रास वाटत नाही. चॅनेलची सोयही भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. तिथे लोक स्वतः येतात आणि त्यांचे नंबर इतरांना दिसत नाहीत. पण चॅनेलवर ग्राहकाला उत्तर देता येत नाही, म्हणून खाली दुकानाची लिंक द्यायला विसरू नका. जुन्या ६५० लोकांपैकी ज्यांना खरंच रस आहे ते असेच, पिशवीवरचा क्यूआर बघून परत येतात.

एसएमएस आणि अधिकृत सेवा

व्हॉट्सॲप नको, साध्या सिमवरून एसएमएस पाठवू, असा विचार असेल तर तो आणखी महागात पडतो. जाहिरातीचे मेसेज खाजगी दहा आकडी नंबरावरून पाठवायला परवानगी नाही. लोक १९०९ वर तक्रार करतात. फेब्रुवारी २०२५ च्या बदलानंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्यांदा आउटगोइंग सेवा काही दिवस बंद होते, पुन्हा तेच घडलं तर सगळ्या कंपन्यांकडचे नंबर वर्षभर तोडले जाऊ शकतात. व्हॉट्सॲपच्या बंदीत निदान कॉल तरी चालू असतात, इथे सिमच हातचं जातं. नियमाचा रस्ता म्हणजे मोबाईल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे असे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, दुकानाची नोंदणी करायची, हेडर म्हणजे नंबराऐवजी दिसणारं दुकानाचं नाव घ्यायचं आणि मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा. जाहिरातीच्या अशा मेसेजच्या हेडरच्या शेवटी पी हे अक्षर येतं. ज्यांनी जाहिरातींना मनाई केली आहे त्यांना तो पोचत नाही. नोंदणीला पैसे आणि कागदपत्रं लागतात, म्हणून ग्राहकांची संख्या हजारांत गेल्याशिवाय याच्या मागे लागू नका.

व्हॉट्सॲपची स्वतःची अधिकृत पैसे देऊन घ्यायची सेवाही आहे, तिला एपीआय म्हणतात. त्यात जाहिरातीचा साचा आधी मंजूर होतो, मेसेजमागे पैसे लागतात, आणि सुरुवातीला २४ तासांत २५० वेगवेगळ्या लोकांपर्यंतच जाता येतं. लोकांनी ब्लॉक केलं की नंबराची गुणवत्ता खाली घसरते. म्हणजे पैसे भरले तरी परवानगी लागतेच. फायदा एवढा की ग्राहकाने स्वतः मेसेज केला की पुढचे २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं. ही सेवा विकणाऱ्या एजंटशी बोलताना साधा प्रश्न विचारा: "साचा मंजूर करून घ्यावा लागतो का?" तो "काही गरज नाही, क्यूआर स्कॅन करा" म्हणाला, तर समजा की तो तेच जुनं सॉफ्टवेअर विकतोय.

पाठवल्यानंतर काय बघायचं

ब्रॉडकास्ट गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणाला पोचला आणि कोणी वाचला याच्या याद्या तिथे दिसतात. ज्याच्याकडे सलग तीन मेसेज पोचलेले नाहीत त्याने नंबर सेव्ह केलेला नाही, किंवा ब्लॉक केलंय, किंवा नंबर बदललाय. कारण कोणतंही असो, त्याला यादीतून काढा. पोचतात पण कोणी वाचत नाही असं दिसलं तर मेसेज कमी करा. "कोण?" असं एकही उत्तर आलं तर तो माणूस यादीत कसा आला ते त्याच दिवशी शोधा. बहुतेकदा गल्ल्यावर कोणीतरी न विचारता नंबर लिहून घेतलेला असतो.

ग्राहकांची नावं, नंबर, भाषा आणि परवानगीची तारीख एका वहीत किंवा एक्सेलमध्ये वेगळी ठेवा, आणि बॅकअप आठवड्यातून एकदा चालतोय का ते बघा. उद्या नंबर काही कारणाने अडकला तरी सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर कोणाला फोन करायचा हे त्या वहीतून मिळेल. अण्णांच्या दुकानात ही वही आता गल्ल्याच्या खणात असते. 'हो' म्हणणारे १६५ पैकी शंभराच्या आसपासच निघाले, पण आहेराच्या पुढच्या मालाची चौकशी त्यांच्यातूनच सुरू झाली आहे.